स्त्रीधन आणि लग्नाची याद

आमच्या सातारा-सांगलीकडे लग्न ठरले की सुपारी फुटते, आणि सुपारीबरोबर एक कागद लिहिला जातो. त्याला कोणी याद म्हणतात, कोणी यादी. कागदाच्या कोपऱ्याला कुंकू लावतात, वर कुलदैवताचे नाव लिहितात, आणि खाली मुलीकडच्यांनी काय द्यावयाचे व मुलाकडच्यांनी अंगावर काय घालावयाचे हे ओळीने मांडतात. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे सह्या करतात. ज्या मुलीच्या नावाने हा सगळा व्यवहार होतो तिची सही मात्र त्या कागदावर सहसा नसते, आणि कागदही तिच्या हातात राहत नाही. या एका गोष्टीत स्त्रीधनाचा पुष्कळसा इतिहास आला आहे. आज जी मुलगी सासरहून रिकाम्या हाताने परत येते, तिची अडचणही त्यातच आहे.

प्रथम तीन शब्द वेगळे करू. आपल्या बोलण्यात हुंडा, आंदण आणि स्त्रीधन हे शब्द एकात एक मिसळतात, आणि ज्याला ते मिसळलेले राहावेसे वाटते त्याचा त्यात फायदा होतो. हुंडा म्हणजे लग्नाची अट म्हणून मागितलेली आणि दिलेली मालमत्ता. आंदण म्हणजे मुलीबरोबर पाठविलेल्या वस्तू, मग ते भांडे असो, गाय असो वा जमीन. स्त्रीधन म्हणजे जे केवळ त्या स्त्रीचे आहे ते. त्यावर नवऱ्याचा अर्धा वाटा नाही, सासूची राखणदारी नाही आणि बापाची मालकीही नाही.

हुंडा आणि स्त्रीधन यांतला फरक मुंबई शहराच्या इतिहासावरून चांगला कळतो. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले तेव्हा पोर्तुगालने मुंबई बेट आंदणात दिले. ते त्या राजकन्येला मिळाले नाही, तिच्या नवऱ्याला मिळाले. त्याने १६६८ साली ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. बायकोला विचारण्याचे त्याला कारणच नव्हते. मुलीच्या नावाने निघालेले धन जावयाच्या खिशात जाते ते असे.

आपल्याकडच्या शास्त्रकारांनी काय सांगितले ते पाहू. आम्ही शाळेत फार शिकलो नाही. हमालांच्या नि साखर कामगारांच्या संघटनेत काम करता करता जे वाचले तेवढेच आमचे शिक्षण. पण या विषयाचे मूळ पाहावयास फार लांब जावे लागत नाही. सातारा जिल्ह्यातल्याच वाईच्या प्राज्ञपाठशाळेने लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ‘धर्मकोश’ काढला. त्याचे व्यवहारकांड १९३७ पासून प्रसिद्ध होऊ लागले, आणि त्यात निरनिराळ्या स्मृतींची व टीकांची वचने एकत्र मांडलेली आहेत. ती पाहिली म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात.

पहिली ही की स्त्रीधनाची कल्पना फार जुनी आणि बरीच स्पष्ट आहे. मनूने त्याचे सहा प्रकार सांगितले. लग्नाच्या अग्नीसमोर दिलेले, सासरी निघताना दिलेले, प्रेमाने दिलेले, आणि भावाकडून, आईकडून व बापाकडून मिळालेले असे ते सहा. याज्ञवल्क्याने त्यात नवऱ्याने दिलेले आणि दुसरे लग्न करताना पहिल्या बायकोला द्यावयाचे धन घातले, आणि शेवटी एक ‘आदि’ असा शब्द ठेवला. सुमारे ११०० च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यावर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. ‘आदि’ या शब्दाचा अर्थ त्याने मोकळ्या हाताने केला. वारशाने आलेले, विकत घेतलेले, वाटणीत मिळालेले, सापडलेले, असे सगळे स्त्रीधनच, असे तो म्हणतो. मिताक्षरा हा आमच्या भागातला प्रमाण ग्रंथ. कात्यायनाने तर पुढचे पाऊल टाकले. नातलगांनी मायेने दिलेल्या धनावर नवरा, मुलगा, बाप, भाऊ यांपैकी कोणाचीही सत्ता नाही. कोणी जबरीने घेतले तर व्याजासह परत करावे आणि वर दंडही भरावा, असा त्याचा निर्णय आहे.

दुसरी गोष्ट कामगारांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. याच कात्यायनाने बाईने स्वतःच्या कारागिरीने मिळविलेले आणि परक्याने दिलेले धन मात्र नवऱ्याच्या ताब्यात ठेवले. मनूनेही एके ठिकाणी बायको, मुलगा आणि दास यांची कमाई त्यांच्या धन्याची असे म्हटले आहे. म्हणजे दान मिळालेला दागिना तिचा, पण राबून मिळविलेली मजुरी तिची नाही. शिवाय याज्ञवल्क्याने नवऱ्याला चार सवलती दिल्या. दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात आणि कोणी अडकवून ठेवले असता त्याने स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे त्याच्यावर बंधन नाही. सवलत दिली की तिची पळवाट व्हावयास वेळ लागत नाही. दुष्काळ आणि आजार आमच्या माण-खटाव-जतच्या पट्ट्यात कोणत्या घरी नव्हता?

१८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले आणि आमच्या लोकांचे तंटे इंग्रजी कोर्टात गेले. कोर्टांनी मिताक्षरेलाच प्रमाण धरले. गंमत अशी की त्या वेळी खुद्द इंग्लंडात लग्न झालेल्या बाईची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असे, आणि ती स्थिती १८८२ च्या कायद्याने पालटली. एवढ्यावरून आपण छाती फुगवावयास नको. ग्रंथात हक्क होता, पण कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला होती. हक्क पूर्ण झाला तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या चौदाव्या कलमाने. लग्नापूर्वी, लग्नात वा लग्नानंतर, नातलगाने दिलेले किंवा परक्याने दिलेले, स्वतःच्या अंगमेहनतीने मिळविलेले किंवा विकत घेतलेले, असे जे काही हिंदू स्त्रीच्या ताब्यात आहे त्याची ती पूर्ण मालक झाली. कात्यायनाने वगळलेली मजुरी अशी तिच्या पदरात परत आली. हळदीच्या वखारीत काम करून भिशीच्या पैशातून बाईने केलेली साखळी आज निर्विवाद तिची आहे. मुसलमान भगिनीला मेहेर तर तिचा असतोच, शिवाय १९८६ च्या कायद्याने घटस्फोटानंतर माहेरच्यांनी, नवऱ्याने व त्याच्या नातलगांनी दिलेल्या सर्व वस्तूंवरही तिचा हक्क सांगितला आहे.

मग तंटा कशाचा राहिला? तंटा आहे ताब्याचा. सासरी गेलेली मुलगी दागिने काढून सासूजवळ ठेवावयास देते, कारण तीच रीत आहे. वर्षा-दोन वर्षांनी बिघडते, तिला घराबाहेर काढतात, आणि ती मागावयास गेली की उत्तर मिळते, ‘घरातले ते घराचे.’ हे उत्तर नुसते अडाणी माणसांचे नव्हते. १९८२ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानेही जवळजवळ तेच म्हटले होते. पत्नीने सासरी नेलेल्या वस्तू दोघांच्या एकत्र ताब्यात जातात, म्हणून सोपविलेल्या ठेवीची अफरातफर झाली असे सहसा म्हणता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

१२ मार्च १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात हे मत मोडून काढले. लुधियान्याच्या त्या बाईने तक्रार केली होती की लग्नात दिलेले दागिने व वस्तू सासरच्यांनी ठेवून घेतल्या. तीन न्यायमूर्तींपैकी न्या. फझल अली व न्या. मुखर्जी यांनी तिच्या बाजूने निर्णय दिला. न्या. वरदराजन यांचे मत विरुद्ध पडले. बहुमताचा निर्णय सरळ होता. सासरच्या उंबऱ्याच्या आत आले म्हणून स्त्रीधन भागीदारीचे होत नाही. ते तिचेच राहते. नवरा किंवा सासू-सासरे यांच्याकडे ते असेल तर ती ठेव आहे. मागितल्यावर न देणारा तो विश्वासघाताचा गुन्हा करतो.

आमच्या कामगारांना हे समजण्यास अवघड जाऊ नये. तुमच्या पगारातून फंडाची रक्कम कापली जाते आणि काही दिवस ती मालकाच्या हातात असते. ती त्याच्या तिजोरीत आहे म्हणून त्याची होते काय? नाही. ती कामगाराची ठेव आहे आणि ती न भरणारा मालक अफरातफर करतो. भारतीय दंडसंहितेच्या ४०५ व्या कलमाला १९७३ साली जोडलेल्या स्पष्टीकरणात हेच लिहिले होते. सुनेचे दागिने दडपणारे सासर आणि कामगाराचा फंड गिळणारा मालक कायद्याच्या एकाच कलमाखाली येतात. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हे कलम ३१६ वे आहे, आणि साध्या विश्वासघाताची कमाल शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच संहिता लागते.

आता आपल्या यादीकडे परत येऊ. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजचा सांगली जिल्हाही आला, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळे चालविली आणि थोडक्या खर्चाची गांधी-लग्ने लावली. ज्या लग्नात देण्या-घेण्याचा भार नाही, तिथे यादीचा कागद वाढण्यास जागा नसते. स्वराज्यानंतर ऊस आला, नोकऱ्या आल्या, आणि याद पुन्हा लांबत गेली. सरकारने १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा केला. त्याला जोडून १९८५ साली भेटवस्तूंच्या यादीचे नियम झाले, ते मात्र आमच्या गावांत कोणी फारसे वाचलेले दिसत नाहीत. त्या नियमांप्रमाणे वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावयाची, वराच्या वस्तूंची वराने. यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर लेखी करावयाची. त्यात वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते ही चार माहिती हवी, आणि खाली वधू व वर दोघांची सही किंवा अंगठा हवा.

आमची याद आणि कायद्याची यादी यांत फरक कोठे आहे तो पाहा. आमची याद लग्नापूर्वी लिहितात आणि ती मुलीच्या बापाला बांधते. कायद्याची यादी वस्तू दिल्यानंतर लिहावयाची आणि ती सासरला बांधते. पहिलीत काय द्यावयाचे हे असते, दुसरीत काय मिळाले हे असते. आणि दुसरी मुलीच्या हातात असावयाची.

एक उदाहरण घेऊन हे उलगडू. समजा, तासगाव तालुक्यातील एका कामगाराची मुलगी कोरेगाव तालुक्यात दिली. सुपारीच्या दिवशी वरदक्षिणा म्हणून रोख दोन लाख रुपये सासऱ्याच्या हातात दिले. लग्नात बापाने दोन तोळ्यांची बोरमाळ आणि अर्ध्या तोळ्याची कानातली फुले घातली. मामाने चांदीचे पैंजण दिले. बरोबर कपाट, पलंग आणि संसाराची भांडी गेली. सासरच्यांनी तीन तोळ्यांचे गंठण आणि चार तोळ्यांच्या पाटल्या अंगावर घातल्या. जावयाला अंगठी केली, आणि त्याने मागितली म्हणून दुचाकी दिली. दोन वर्षांनी मुलीने स्वतःच्या मजुरीतून एक तोळ्याची साखळी केली. तिसऱ्या दिवाळीला तिला नेसत्या लुगड्यानिशी माहेरी पाठविले.

यात तिचे काय? बोरमाळ, फुले, पैंजण आणि साखळी याबद्दल वादच नाही. गंठण आणि पाटल्या सासरने घातल्या तरी त्या तिला दिल्या होत्या, म्हणून त्याही तिच्या. इथे सासर म्हणेल की पाटल्या पिढीजात होत्या, नुसत्या लग्नापुरत्या घातल्या होत्या. हा बचाव कधी खराही असतो, आणि तो यादीत व सोनाराच्या पावतीत ठरतो. याप्रमाणे पिढीजात वाद सोडला तर साडेदहा तोळे सोने तिचे झाले. भांडी, कपाट, पलंग हे मुलीबरोबर आले असल्याने तिचेच. मात्र जे दोघांना मिळून दिले असेल त्याचा निकाल घटस्फोटाच्या किंवा तशा दाव्यात, हिंदू विवाह कायद्याच्या २७ व्या कलमाखाली, न्यायालय लावू शकते. अंगठी जावयाला खुशीने दिलेली भेट, ती त्याची.

राहिले दोन लाख रुपये आणि दुचाकी. हा हुंडा. पुष्कळ लोकांना वाटते की हुंडा बेकायदा म्हणून तो बुडाला. तसे नाही. हुंडाबंदी कायद्याचे सहावे कलम सांगते की वधूखेरीज कोणी हुंडा घेतला असेल तर तो त्याने तीन महिन्यांच्या आत वधूला द्यावा. लग्नापूर्वी घेतला असेल तर लग्नाच्या तारखेपासून, लग्नात किंवा नंतर घेतला असेल तर घेतल्यापासून तीन महिने मोजावयाचे, आणि देईपर्यंत तो तिच्यासाठी ठेव म्हणून सांभाळावयाचा. न दिल्यास सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा पाच ते दहा हजार दंड, किंवा दोन्ही. म्हणजे सासऱ्याने घेतलेले दोन लाख लग्नानंतर तीन महिन्यांत सुनेच्या हाती जावयास हवे होते. दुचाकी अट म्हणून मागितली हे सिद्ध झाले तर तिचीही गत तीच. हुंडा देणे हाही गुन्हा असल्यामुळे बाप तोंड उघडावयास भितो. पण पीडित व्यक्तीने दिलेल्या निवेदनावरून तिच्यावरच खटला भरता येत नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे.

आता परत कसे मिळवावयाचे? पहिले काम कागदाचे. मुलगी घरी आल्यावर आठ दिवसांत, आठवण ताजी असताना, तिच्याकडून यादी लिहवून घ्यावी. प्रत्येक वस्तूपुढे वजन, कोणी दिली, शेवटी कोणाच्या हातात दिली, आणि पुरावा काय, हे लिहावे. पुरावा म्हणजे सोनाराची पावती, लग्नातले फोटो, आहेराची वही, साक्षीदार. अलीकडच्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो, तो पावतीवर असल्यास तोही उतरवावा. सुपारीची मूळ याद कोणाकडे आहे ती शोधावी. तिच्यावर सासरच्यांच्या सह्या असतात, म्हणून मुलीच्या बापाला बांधण्यासाठी लिहिलेला तो कागद उलट सासरविरुद्धचा उत्तम पुरावा ठरतो.

दुसरे काम मागणीचे. यादी जोडून पंधरा दिवसांत वस्तू परत करा अशी नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवावी. मागितले आणि दिले नाही, हे दोन टोकांचे सत्य कागदावर यावे लागते. बैठकीत चार लोकांसमोर तोंडी मागितले असेल तर त्याची तारीख आणि हजर माणसे लिहून ठेवावीत.

तिसरे काम न्यायालयाचे, आणि इथे २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सर्वांत उपयोगी आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला व सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. स्त्रीधन अडवून ठेवणे ही त्यात आर्थिक हिंसा मानली आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलीने कोरेगावला खेटे घालण्याचे कारण नाही. ती तात्पुरती राहत असली तरी त्या ठिकाणच्या, म्हणजे तासगावच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. संरक्षण अधिकारी हा अर्ज करण्यास मदत करतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका समितीकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला मिळकत कितीही असली तरी मोफत वकील मिळतो. कायद्यात पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा असे आहे. प्रत्यक्षात साठ दिवसांचे महिने, आणि महिन्यांची वर्षे होतात. म्हणून अर्जाबरोबरच तात्पुरत्या हुकुमाची मागणी करावी. सासरच्यांनी दागिने विकू नयेत, गहाण टाकू नयेत, बँकेतला लॉकर उघडू नये, असा मनाई हुकूम मिळू शकतो. एकोणिसाव्या कलमाखाली स्त्रीधन परत करण्याचा हुकूम होतो. संरक्षणाचा हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड.

या अर्जाबरोबर किंवा नंतर पोलिसांत विश्वासघाताची फिर्याद देता येते. तिथे एक चूक हटकून होते. रागाच्या भरात नवरा, सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंदा आणि मुंबईचा चुलत सासरा अशा सगळ्यांची नावे घातली जातात, आणि कोणी काय घेतले हे लिहिलेले नसते. अशी फिर्याद उच्च न्यायालयात टिकत नाही, आणि जिच्याकडे खरोखर दागिने होते ती सासूही त्या गर्दीतून निसटते. बोरमाळ आणि पाटल्या अमुक दिवशी सासूच्या हातात दिल्या, अमुक दिवशी मागितल्या, तिने नाकारले, अशा तीन वाक्यांचे बळ दहा नावांपेक्षा जास्त आहे.

दुसरा खड्डा सोनेतारणाचा. आमच्या भागात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. बायकोच्या पाटल्या नवऱ्याच्या नावावर तारण पडतात, हप्ते थकतात आणि लिलाव होतो. म्हणून संशय येताच कोणत्या संस्थेत तारण आहे ते अर्जात लिहून मनाई मागावी. दागिना गेलाच असेल तर त्याची किंमत मागावी. ‘आजारपणात वापरले’ हे याज्ञवल्क्याच्या काळचे उत्तर आजही देतात. अडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरले तरी ती वस्तू किंवा तिचे मोल परत करणे त्याच्यावर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ एप्रिल २०२४ च्या एका निकालात पुन्हा सांगितले आहे.

तो निकाल केरळच्या एका बाईचा. २००३ साली लग्न झाले, माहेरने ८९ पवन, म्हणजे सुमारे ७१२ ग्रॅम सोने घातले. पहिल्याच रात्री नवऱ्याने दागिने काढून घेऊन आईकडे ‘सुरक्षित’ ठेवावयास दिले, आणि ते जुन्या देण्यात गेले. कौटुंबिक न्यायालयाने २०११ मध्ये तिला मान्यता दिली, उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुरावा अपुरा म्हणून ती काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की हा फौजदारी खटला नाही. तंतोतंत पुरावा मागावयाचा नाही, कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय आहे एवढे पाहावयाचे. नव्या नवरीने पहिल्या रात्री दागिने देताना पावती का घेतली नाही, असे विचारता येत नाही. २००९ साली त्या सोन्याची किंमत ८ लाख ९० हजार होती. वाढलेली महागाई धरून न्यायालयाने तिला २५ लाख रुपये देवविले. पण सोने गेले त्याला वीस वर्षे होऊन गेली होती.

तिसरा खड्डा फारकतीच्या कागदाचा. गावच्या बैठकीत घटस्फोट ठरतो, मुद्रांकावर लिहितात की ‘आता कोणाचे कोणाकडे काही येणे राहिले नाही’, आणि मुलगी सही करते. वस्तू हातात येण्यापूर्वी अशा कागदावर सही करू नये. वस्तू परत येताना त्या सोनाराकडे वजन करून, कस तपासून, हॉलमार्कचा क्रमांक ताडून घ्याव्यात, कारण सोन्याच्या पाटल्यांच्या जागी मुलाम्याच्या पाटल्या परत आल्याची कुरकूर अशा व्यवहारात ऐकू येते. त्यानंतर पावती द्यावी.

उशीर झाला म्हणून हक्क बुडतो का? ज्यांना ना घटस्फोट ना नांदणे अशा परित्यक्तांचा प्रश्न आमच्याकडे नवा नाही. प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांनी सांगली जिल्ह्यात याच स्त्रियांची चळवळ उभी केली. अशा स्त्रियांना २०१५ च्या एका निकालाचा आधार आहे. न्यायिक विभक्तीनंतर काही वर्षांनी अर्ज केलेल्या बाईला खालच्या न्यायालयांनी परत पाठविले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की स्त्रीधन अडवून ठेवणे हा रोज चालू राहणारा अपराध आहे, म्हणून ती स्त्री या कायद्याखाली मागू शकते. दिवाणी दाव्याची मुदत मात्र वेगळी असते. जंगम वस्तूंसाठी ती साधारण तीन वर्षांची. म्हणून नोटिशीला नकार आल्यावर स्वस्थ बसू नये.

एक शेवटची गोष्ट मुलीच्या बापांना सांगावयाची आहे. परत आलेले स्त्रीधन तुमचेही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटित मुलीच्या बापाचा खटला रद्द केला. मुलीने अधिकार दिला नसताना तो तिच्या नावाने तिच्या पूर्वीच्या सासरकडे दागिने मागत होता. दागिने मुलीचे, मागावयाचे की सोडावयाचे हेही तिनेच ठरवावयाचे, असा त्या निकालाचा अर्थ आहे. धाकटीच्या लग्नात थोरलीच्या पाटल्या मोडणारा बाप आणि त्या पाटल्या तारण ठेवणारा नवरा, दोघेही दुसऱ्याच्या ठेवीला हात लावतात.

येत्या लग्नसराईत याद लिहिली जाणारच. ती लिहा, पण लग्न लागल्यावर दुसऱ्या कागदावर मिळालेल्या वस्तू लिहा. वजन लिहा, देणाराचे नाव लिहा. नवरा-नवरीची सही घ्या, आणि तो कागद मुलीच्या हातात द्या. त्याची एक प्रत तिच्या आईकडे ठेवा. दागिने सासूजवळ ठेवावयाचे असतील तर खुशाल ठेवावेत, माया असते तिथे ठेव असतेच. पण ठेवीची पावती ठेवणाऱ्याकडे असते, सांभाळणाऱ्याकडे नव्हे. वर्गणीची पावती खिशात जपणाऱ्या आमच्या कामगाराला हे वेगळे शिकवावयास नको. ती पावती त्याने आता आपल्या लेकीच्याही हातात द्यावी.